अर्धा चमचा सुंठ



गरोदर मुलीला मळमळायला लागले की घरातले कोणीतरी आले सुचवते आणि त्याच क्षणी दुसरे कोणीतरी म्हणते, "नको गं, उष्ण पडेल." तीच मुलगी एसटीत बसायला निघाली की मात्र आलेपाकाच्या दोन वड्या तिच्या पर्समध्ये जातात आणि तेव्हा उष्ण-थंडाची आठवण कोणालाच राहत नाही. दोन्ही प्रसंगांत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. किती? मी आज या एका प्रश्नावर बोलणार आहे.

ज्या डॉक्टर बाईंच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांच्याकडे मी उमेदवारी केली. "थोडी सुंठ घेत जा" असे त्या कोणालाही सांगत नसत. कागदाच्या पुड्या बांधून देत आणि प्रत्येक पुडी आधी काट्यावर चढे. तेव्हा मला तो त्यांचा काटेकोरपणा वाटायचा. पुढे या विषयावरचे शोधनिबंध वाचू लागल्यावर लक्षात आले की त्यांच्या चार पुड्या मिळून भरणारे वजन आणि निबंधांतले वजन जवळपास सारखेच आहे. ते म्हणजे दिवसाला एक ग्रॅम सुंठ.

हा एक ग्रॅम आला कुठून? १९९१ मध्ये डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या तीस गरोदर स्त्रियांवर एक प्रयोग केला. चार दिवस सुंठीच्या कॅप्सूल आणि चार दिवस तशाच दिसणाऱ्या दुधातल्या साखरेच्या कॅप्सूल. कोणत्या चार दिवसांत काय मिळते आहे हे बायकांना माहीत नव्हते. प्रत्येक कॅप्सूलमध्ये पाव ग्रॅम सुंठ आणि दिवसातून चार कॅप्सूल. बहुतेकींना सुंठीचे दिवस बरे गेले. दहा वर्षांनी थायलंडमध्ये चिआंग माई इथे हाच डोस पुन्हा तपासला गेला. दिवसाला एक ग्रॅम, पाव-पाव ग्रॅम करून चार वेळा, चार दिवस. सुंठ घेणाऱ्या ३२ जणींपैकी २८ जणींची मळमळ कमी झाली आणि नुसती कॅप्सूल घेणाऱ्या ३५ पैकी १० जणींची. ऑस्ट्रेलियात २००४ साली २९१ गरोदर स्त्रियांना तीन आठवडे एक ग्रॅमच्या आसपास सुंठ किंवा ७५ मिलिग्रॅम ब-६ जीवनसत्त्व दिले, तेव्हा दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. ब-६ हे आपण डॉक्टर मंडळी पहिल्या पायरीवर देतो, त्यामुळे ही बरोबरी सुंठीला लहान नाही.

 या अभ्यासांतल्या उणिवाही मोजल्याच पाहिजेत. आल्याचा वास आणि झणका लपवणे सोपे नाही, तेव्हा आपल्याला खरे औषध मिळाले आहे हे काही बायकांनी ओळखलेच असणार. अभ्यास छोटे आहेत आणि चार दिवस ते तीन आठवडे एवढेच चालले. २०१४ मध्ये असे बारा अभ्यास एकत्र मांडून पाहिले गेले, जवळपास तेराशे स्त्रियांचे. मळमळीत फरक दिसला. उलट्या किती वेळा झाल्या यात मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. आल्याकडून काय मागायचे आणि काय नाही, हे या निष्कर्षात आहे. दिवसभर पोटात ढवळत राहते, उमासे येतात, फोडणीचा वास नको होतो, ते थोडे हलके होईल. दिवसाला आठ-दहा उलट्या होत असतील तर त्या आल्याने थांबतील अशी आशा धरू नये.

असे का व्हावे, याचा अंदाज शरीरातल्या दोन जागा पाहिल्या की येतो. आल्याचा झणका ज्यांच्यामुळे आहे ती द्रव्ये म्हणजे जिंजेरॉल, आणि आले वाळताना त्यांच्यापासून तयार होणारी शोगॉल. ही द्रव्ये मुख्यतः जठर आणि आतड्यात काम करतात. तिथे सेरोटोनिनचे काही ग्राहक असतात, जे चिडले की मळमळीचा निरोप वर मेंदूकडे जातो. आले त्यांना काही प्रमाणात शांत करते आणि जठराची बिघडलेली लय सावरायला मदत करते. डोहाळ्यांतल्या मळमळीचा मोठा उगम मात्र दुसरीकडे आहे. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवले की गर्भ आणि वारेकडून रक्तात येणारे जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक थेट मेंदूच्या मागच्या भागावर काम करते. गरोदरपणाआधी ज्या स्त्रीच्या रक्तात ते कमी असते, तिला त्याची सवय नसते आणि त्रास जास्त होतो. म्हणजे सासूला डोहाळे कडक गेले नव्हते आणि सुनेला गेले, तर त्यात सुनेचा नाजूकपणा नसतो. हा निरोप पोटातून जात नाही, थेट वर पोचतो. पोटातल्या आल्याचे तिथे फारसे चालत नसावे, असे मला वाटते.

आता मोजमापाकडे येते आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण गडबड सगळी इथेच होते.

सुंठीची पूड सपाट चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा काठोकाठ भरून वरून सुरीने सपाट केला तर सुमारे पावणेदोन ते दोन ग्रॅम भरते. म्हणून सपाट अर्धा चमचा म्हणजे साधारण एक ग्रॅम. घरातले चहाचे चमचे एकसारखे नसतात. काही तीन मिलिलिटरचे, काही सहाचे. औषधाच्या बाटलीबरोबर आलेले मापाचे झाकण किंवा केकवाल्यांचा चमचा वापरावा. शीग लावून भरलेला चमचा जवळजवळ दुप्पट भरतो.

ताज्या आल्यात पाचांपैकी चार भाग पाणी असते. म्हणून पाच ग्रॅम ओले आले हे वजनाच्या हिशेबाने एक ग्रॅम सुंठीच्या जवळपास. पाच ग्रॅम आले डोळ्यासमोर आणायचे तर दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या आणि तेवढ्याच जाड पाच चकत्या. एक चकती साधारण एक ग्रॅमची. ही तुलना वजनापुरतीच खरी आहे. वाळताना काही जिंजेरॉलचे शोगॉल होते आणि ते जास्त तिखट असते, म्हणून सुंठ आणि आले हे गुणाने तंतोतंत सारखे नाहीत. रोजच्या हिशेबाला मात्र हे पुरते.

चहाचा प्रश्न वेगळा. आल्यातली झणक देणारी द्रव्ये पाण्यात नीट उतरत नाहीत, बरीचशी गाळणीवरच्या चोथ्यात राहतात. त्यामुळे आल्याचा चहा घेऊन गुण किती येईल याचा नेम नाही, आणि मर्यादा किती गाठली गेली याचाही नाही. माझा नियम असा की गुणाच्या हिशेबात चहातले आले धरू नये, पण मर्यादेच्या हिशेबात पूर्ण धरावे. दोन्हीकडे सावध राहिलेले बरे. शिवाय गरोदरपणात चहा-कॉफीतले कॅफीन दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आत ठेवायचे असते. ‘आल्यासाठी’ म्हणून घेतलेला चौथा कप ती मर्यादा गाठायला मदत करतो.

सर्वांत मोठी फसगत कॅप्सूलच्या पाकिटावर होते. पाकिटावर २५० मिलिग्रॅम लिहिलेले असते. ती सुंठीची पूड आहे की अर्क आहे, हे खाली बारीक अक्षरात असते, किंवा नसतेच. ऑस्ट्रेलियातल्या २००३ च्या एका अभ्यासात वापरलेला १२५ मिलिग्रॅम अर्क दीड ग्रॅम सुंठीच्या बरोबरीचा होता. म्हणजे बारा पट. त्या स्त्रियांनी तो दिवसातून चार वेळा घेतला, म्हणजे दिवसाला सहा ग्रॅम सुंठीएवढा. मळमळ आणि कोरड्या ओकाऱ्या कमी झाल्या, उलट्या नाही. सहापट देऊनही उलट्या हलल्या नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जास्त घेतले म्हणून जास्त गुण येतो याला आधार नाही.

मग एक ग्रॅमच्या वर विष आहे का? नाही. गरोदर नसलेल्या प्रौढ माणसाला दिवसाला तीन-चार ग्रॅमपर्यंत सुंठ सहसा बाधत नाही, जळजळ सोडली तर. गरोदरपणातला एक ग्रॅम हा जिथपर्यंत नीट पाहिले गेले आहे त्याचा काठ आहे. काठापलीकडे काय आहे हे तपासायला पहिल्या तिमाहीतली बाई ही जागा नव्हे.

काठाच्या आतले चित्र बऱ्यापैकी दिलासा देणारे आहे. नॉर्वेत ६८ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या हजारभर जणींनी गरोदरपणात आले घेतले होते. बाळांतली व्यंगे, मृत जन्म किंवा अकाली प्रसूती यांचे प्रमाण त्यांच्यात वाढलेले दिसले नाही. अंगावरून रक्त जाण्याचे प्रमाण सतराव्या आठवड्यानंतर किंचित जास्त दिसले. २०१३ मधला हा अभ्यास आहे. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सौम्य मळमळीसाठी आल्याचा पर्याय मान्य करते. युरोपच्या औषध संस्थेचा सुंठीवरचा दस्तऐवज मात्र गरोदरपणात खबरदारी म्हणून टाळणे बरे, असे म्हणतो. फिनलंडच्या अन्न खात्याने गरोदर स्त्रियांना आल्याचा चहा आणि आल्याच्या गोळ्या टाळायला सांगितले आहे. माहिती तीच, पण शंकेचा फायदा कोणाला द्यायचा यावर मतभेद. माझा कल असा: भाजी-आमटीतले आले चालू ठेवा, त्याचा हिशेब करू नका, औषध म्हणून घ्यायचे तर एक ग्रॅमच्या आत, काही आठवडे, डॉक्टरांना सांगून, आणि अर्काच्या कॅप्सूल गरोदरपणात नकोत.

एक उदाहरण घेऊन हिशेब करून पाहू. नाव-गाव बदलले आहे, पण असा हिशेब दवाखान्यात वारंवार करावा लागतो. साताऱ्यात नोकरी करणारी एक मुलगी, नववा आठवडा चालू, माहेर चिपळूणचे. मळमळ दिवसभर, उलटी एखादी. वजन ५२ किलो, अजून उतरलेले नाही. ती म्हणाली, "मॅडम, आले चालूच आहे, पण गुण येत नाही. आता तर छातीत जळजळही सुरू झालीय." मी तिला कालचा दिवस सकाळपासून सांगायला लावला. उठल्यावर पाव चमचा सुंठ मधातून, म्हणजे अर्धा ग्रॅम. दिवसभरात तीन कप आल्याचा चहा, प्रत्येकात नाण्याएवढी एक चकती. तीन ग्रॅम ओले आले म्हणजे सुंठीचे सहा दशांश ग्रॅम. दुपारी आणि संध्याकाळी आलेपाकाची एकेक वडी. आईने घरी केलेला आलेपाक, एक वाटी वाटलेल्या आल्याला दोन वाट्या साखर, तेव्हा एका वडीत अडीच ग्रॅम आले सहज जाते. दोन वड्यांचे मिळून पुन्हा एक ग्रॅम सुंठीएवढे. बेरीज दोन ग्रॅमच्या वर गेली. रात्री मैत्रिणीने दिलेली एक कॅप्सूल. पाकीट मागवून पाहिले, त्यावर अर्क लिहिले होते. कितीचा, ते लिहिले नव्हते.

तिची जळजळ आल्याचीच होती. आल्याचा सर्वांत नेहमीचा उपद्रव हाच. गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप आधीच सैल पडलेली असते, त्यात आले पडले की आंबट वर येते. घोटाळा असा की वर आलेले हे आंबट मळमळीसारखेच वाटते. मग बाई आणखी आले घेते, आणखी जळजळते आणि ‘डोहाळे कडक आहेत’ असे सगळे म्हणू लागतात. दोन्ही ओळखायची रीत आहे. डोहाळ्यांची मळमळ रिकाम्या पोटी, सकाळी, वासाने वाढते आणि दोन घास खाल्ले की थोडी बसते. आल्याची जळजळ घेतल्यावर अर्ध्या-एक तासाने, छातीच्या मधोमध, आडवे झाले की वाढते. शंका असेल तर दोन दिवस आले पूर्ण बंद करून पाहावे. दोन दिवसांत छाती शांत झाली, तर उत्तर मिळाले.

तिला दोन दिवस बंद ठेवायला सांगितले. जळजळ गेली, मळमळ राहिली. मग आपल्या आज्यांची सुंठ-गूळ-तुपाची गोळी पुन्हा कामाला लावली, फक्त काट्यावर. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक ग्रॅम नीट मोजता येत नाही, सात ग्रॅम बऱ्यापैकी येतात. म्हणून आठवड्याची सुंठ एकदम घ्यायची: सात ग्रॅम चाळलेली पूड, त्यात मावेल एवढा किसलेला गूळ, गोळा वळण्यापुरते तूप. नीट मळून लांब वळी करायची. तिचे आधी चार सारखे भाग, मग प्रत्येकाचे सात. अठ्ठावीस गोळ्या झाल्या आणि प्रत्येक गोळीत पाव ग्रॅम सुंठ. दिवसाला चार: तीन वेळच्या खाण्यानंतर एकेक आणि झोपण्याआधी थोडे खाऊन एक. आलेपाक, कॅप्सूल, मधातली सुंठ बंद. चहा दोन कप, वेलची घालून. मधुमेह असलेल्यांनी गुळाऐवजी पूड ताकातून घ्यावी. तिथे अर्धा सपाट चमचा सकाळीच एका डबीत काढून ठेवायचा आणि दिवसभर त्यातूनच घ्यायचे. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचे संपले.

यातून गुण येणार असेल तर चार-पाच दिवसांत कळतो. आठवडाभर घेऊन फरक नसेल तर आले सोडून पुढच्या पायरीवर जावे, म्हणजे ब-६, आणि त्याच्यासोबत डॉक्सिलामाइन. या औषधांचा गरोदरपणातला अनुभव आल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. ‘गोळ्या नकोत, घरगुतीच बरे’ म्हणून महिनाभर मळमळत बसणाऱ्या मुली मी पाहते आणि मला राग येतो. त्यांच्यावर नाही, त्यांना तसे सांगणाऱ्यांवर.

या मुलीला गुण आला. मग प्रश्न आला शनिवारचा. चिपळूणला जायचे, म्हणजे कऱ्हाड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. तिला गरोदरपणाआधीही गाडी लागायची.

गाडी लागणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे भांडण कान आणि डोळ्यांचे असते. आतल्या कानातला तोल सांगतो की आपण वळतो आहोत, डोळ्यांपुढे मात्र पुढच्या सीटची पाठ स्थिर असते. या विसंवादातून मळमळ येते. आल्याची या क्षेत्रातली कीर्ती १९८२ च्या ‘लॅन्सेट’मधल्या एका छोट्या निबंधाने झाली. गाडी लवकर लागणाऱ्या ३६ विद्यार्थ्यांना डोळे बांधून फिरत्या खुर्चीत बसवले होते. काहींना सुंठ, सुमारे ९४० मिलिग्रॅम. काहींना डायमेनहायड्रिनेट हे नेहमीचे औषध. काहींना निरुपद्रवी पाला. सुंठवाले सर्वांत जास्त वेळ खुर्चीत टिकले. पुढे १९८८ मध्ये डेन्मार्कच्या नौदलातल्या ८० शिकाऊ खलाशांना खवळलेल्या समुद्रात एक ग्रॅम सुंठ देऊन पाहिली. उलट्या आणि थंड घाम कमी झाला, मळमळीत आणि गरगरण्यात ठाम फरक नव्हता. १९९१ च्या एका प्रयोगात तर फिरत्या खुर्चीवर अर्धा आणि एक ग्रॅम सुंठीने काहीच संरक्षण मिळाले नाही, स्कोपोलामाइनने मात्र मिळाले. म्हणजे डोहाळ्यांच्या मानाने प्रवासाचा पुरावा डळमळीत आहे. आले कान-डोळ्यांचे भांडण मिटवत नाही. त्या भांडणामुळे जठराची जी धांदल उडते ती काहींची कमी होते, काहींची नाही.

तरी करून पाहायला हरकत नाही, वेळ साधली तर. युरोपच्या त्याच दस्तऐवजात प्रवासासाठी प्रौढांना ७५० मिलिग्रॅम सुंठ, निघण्याआधी अर्धा तास, असे माप आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना २५० ते ५०० मिलिग्रॅम, तसेच अर्धा तास आधी. आपण उलटे करतो. घाट सुरू झाला, पोर पांढरे पडले, की आलेपाक शोधायला लागतो. एकदा मळमळ जोरात आली की जठर पुढे ढकलण्याचे काम जवळपास थांबवते; मग वडी तिथेच बसते आणि पहिल्या वळणाला बाहेर येते. सहा वर्षांखालच्या मुलांना औषध म्हणून सुंठ देऊ नये, त्यांना पुढच्या सीटवर बसवून बाहेर पाहायला लावावे.

आमच्या मुलीसाठी प्रवासाची वेगळी सुंठ नव्हती. दिवसाचा एक ग्रॅम तोच, फक्त वाटणी बदलली. सकाळी भाकरी आणि थोडे दही खाऊन, निघण्याआधी अर्धा तास दोन गोळ्या. कोयनानगरला गाडी थांबली की घाटाआधी एक. चौथी रात्री माहेरी. बसमध्ये जागा चालकामागच्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, खिडकीची, चाकावरची नव्हे. मोबाइल पर्समध्ये आणि नजर लांबच्या रस्त्यावर. खरे सांगायचे तर गुण सुंठीपेक्षा याचाच जास्त. आईने स्टँडवर आलेपाकाचा डबा आणू नये, हे फोन करून सांगायचे काम तिनेच केले.

आता कुणी घेऊ नये ते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, म्हणजे वॉरफरिन किंवा हेपारिनची इंजेक्शने, तर सुंठ औषध म्हणून घेऊ नये. हल्ली रक्तदाबाच्या त्रासाचा धोका असलेल्या गरोदर स्त्रियांना कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन दिले जाते. तेही सुरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मोठ्या मात्रेत आले रक्तातल्या बिंबिकांचे चिकटणे कमी करते असे प्रयोगांत दिसले आहे. एक ग्रॅमने तसे होईलच असे नाही, पण या बायकांनी ते आजमावू नये. अंगावरून रक्त जात असेल, आधी गर्भपात झालेला असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तरीही थांबावे.

आणि काही वेळा आल्याचा विचारच सोडून रुग्णालय गाठायचे असते. चोवीस तासांत पाणीही पोटात टिकलेले नाही; आठ तासांत लघवी नाही, किंवा झाली ती गडद; उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी; उलटीत रक्त; ताप किंवा पोटात दुखणे. वजन पाच टक्क्यांनी उतरणे हीसुद्धा खूण, म्हणजे आमच्या ५२ किलोच्या मुलीच्या बाबतीत अडीच किलोच्या वर. मळमळ पहिल्यांदाच नवव्या आठवड्यानंतर सुरू झाली तर ती डोहाळ्यांची नसून काविळीची, मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गाची किंवा आणखी कशाची असू शकते. सभागृहात डॉक्टर मंडळी आहेत म्हणून एक वाक्य त्यांच्यासाठी: आठवडे-आठवडे उलट्या झालेल्या बाईला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्या. थायमिनचा साठा संपलेला असताना नुसते ग्लुकोज गेले तर वर्निकेचा मेंदूविकार ओढवतो, आणि तो झाल्यावर पश्चात्ताप उपयोगाचा नसतो.

डोहाळ्यांची मळमळ बहुतेकींची सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत उतरते. त्याच सुमारास, दुसऱ्या तिमाहीत, लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि मळमळ परत आल्यासारखे वाटते. ती लोहाची असते. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर घेऊन पाहावी, सुंठ पुन्हा सुरू करू नये. शेवटच्या महिन्यात, प्रसूती जवळ आली की, औषध म्हणून घ्यायची सुंठ बंद.

बाळंतपणानंतर मात्र आपल्याकडे सुंठीचा पूर येतो: डिंकाचे लाडू, सुंठ-गुळाची गोळी, जेवणाआधी सुंठ-तूप. मळमळीचे आठवडे मागे पडलेले असतात, बाळ पोटात नसते, तेव्हा अर्ध्या चमच्याचा नियम इथे मी लावत नाही. जळजळ होत नसेल तर खुशाल खा. फक्त सिझेरियननंतर रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने चालू असतील, तर लाडवांचा डबा उघडण्याआधी त्यात सुंठ किती आहे ते डॉक्टरांना सांगा.